आधी नाव, मग हिरो: सचिन, सुनील, दिलीप आणि नावांच्या लाटा

बारशाचा विषय निघाला की एक वाक्य कोणीतरी बोलतंच, की त्या क्रिकेटरमुळे घरोघर सचिन झाले. ऐकायला बरोबर वाटतं, पण जरा तारखा लावून बघा. तो पहिली टेस्ट खेळला नोव्हेंबर 1989 मध्ये, म्हणजे त्याच्यामुळे ज्याचं नाव सचिन पडलं असा सगळ्यात मोठा माणूस आत्ता कुठे पस्तिशी ओलांडतोय. आणि आपल्याकडचे सचिन कोण आहेत? बँकेत मॅनेजर, शाळेत हेडमास्तर, पन्नाशीला टेकलेले. आमच्या दहावीच्या वर्गात चार सचिन होते, सर आडनावाने हाक मारायचे कारण दुसरा इलाजच नव्हता, आणि ते चौघं जन्मले 1975-76 ला, तेव्हा तो क्रिकेटर स्वतः अडीच-तीन वर्षांचा होता.

म्हणजे लाट आधीच आलेली होती आणि तोसुद्धा त्याच लाटेतला एक.

जुना इतिहास फार लांबवत नाही, सगळ्यांना माहीतच आहे. आजोबांचं नाव नातवाला, आजीचं नातीला, त्यामुळे तीच दहा-पंधरा नावं घरात फिरत राहायची, आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसायचं म्हणून त्या नातवाला सगळे बापू नाहीतर नाना म्हणायचे. पोरं जगत नसतील तर धोंडू, दगडू, कचरू, भिकू, म्हणजे मृत्यूची नजर लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं नाव. या व्यवस्थेत फॅशन यायला जागाच नव्हती. फॅशन येण्यासाठी आईबापांना असं वाटावं लागतं की नाव आपण *निवडायचं* असतं, आणि शहरातल्या शिकलेल्या घरांत हे साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वाटायला लागलं. तेव्हा बंगाली कादंबऱ्यांची भाषांतरं घरात वाचली जात होती, पुढे कलकत्त्याचे बोलपटही आले, आणि त्यातून छोटी, जोडाक्षर नसलेली, रामा-गोविंदापेक्षा वेगळी वाटणारी नावं दिसायला लागली. सिनेमा आणि क्रिकेट या गोष्टी त्याच्यानंतर येतात.

दिलीपचं बघा. ज्या नटाने हे नाव गाजवलं त्याचं मूळ नाव वेगळंच होतं, पडद्यासाठी त्याने दिलीप घेतलं आणि पहिला सिनेमा आला 1944 ला. पण वेस्ट इंडीजमध्ये द्विशतक ठोकणारा गोव्याचा दिलीप जन्मला 1940 ला मडगावात. मराठीतला एक मोठा कवी दिलीप तर 1938 चा. सुनीलचंही तेच. पडद्यावरचा सुनील मूळचा बलराज, त्याचा पहिला सिनेमा 1955 चा, आणि मुंबईचा सलामीवीर सुनील जन्मला 1949 ला, सहा वर्षं आधी. म्हणजे निर्माते नटाला पडद्याचं नाव देताना बाजारात आधीच चढतीला असलेलं, तरुण आणि नवीन वाटणारं नाव उचलत होते. सरळ आहे, ज्या कारणाने ते नाव आईबापांना आवडत होतं त्याच कारणाने निर्मात्यालाही आवडलं. मग सिनेमा चालला की तेच नाव दादर-गिरगावातून तालुक्याच्या गावी, तिथून वाडीवर पोचलं. नटाने नाव जन्माला घातलं नाही, त्याने ते लांबवर पोचवलं, आणि माझ्या मते हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण सगळे लेख उलटं सांगतात.

आता सचिन, कारण इथे गुंता अजून वाढतो. क्रिकेटरचं नाव त्याच्या वडिलांनी आवडत्या संगीतकारावरून ठेवलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संगीतकाराचं नाव मुळात सचिन नाहीच, ते शचीन. शची म्हणजे इंद्राची बायको, शचींद्र म्हणजे शचीचा इंद्र, आणि बंगालीत त्याचं घरगुती छोटं रूप शचीन, लिहितानाही तालव्य श. पण बंगाली बोलण्यात श, ष, स तिन्हींचा उच्चार जवळपास श असाच होतो, आणि इंग्रजीत लिहिताना तिथे नुसता एस पडतो. तो इंग्रजी एस परत देवनागरीत आला तेव्हा त्याचा झाला दंत्य स, आणि ची चा झाला चि. शचीनचा सचिन. मराठी कानाला तर हा सचिनच जास्त गोड लागतो.

आणि मग गंमत अशी की या चुकून तयार झालेल्या रूपाला नंतर अर्थ शोधला गेला. बारशाच्या पुस्तकांत सचिन म्हणजे सत्य, शुद्ध, सत् आणि चित्, सच्चिदानंदातला सच्चित् वगैरे छापलं जातं. ज्यांनी 1970 च्या दशकात नाव ठेवलं त्यातल्या कितींनी हा अर्थ बघून ठेवलं असेल? माझ्या आईला मी एकदा विचारलं, की शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाचं नाव सचिन का ठेवलं, तर ती म्हणाली, "अगं तो सिनेमातला छोटा मुलगा नाही का, गोड होता, त्याच्यावरून." तो छोटा मुलगा म्हणजे 1963 च्या मराठी सिनेमातला बालकलाकार, जन्म 1957 चा. त्याच्या पाठोपाठ 1965 ला जन्मलेला एक सचिन पुढे मराठी-हिंदीत नावाजलेला नट झाला. 1957, 1965, 1973, असा हा चढ आहे. 1975 ला तोच बालकलाकार हिंदी सिनेमात हिरो म्हणून आला आणि आमच्या वर्गातले चौघं नेमके त्याच सुमाराचे. म्हणजे संगीतकाराने नाव आणलं, बालकलाकाराने पसरवलं, आणि क्रिकेटर येईपर्यंत महाराष्ट्रात ते इतकं झालं होतं की नवीन आईबाप दुसरं काहीतरी शोधायला लागले होते. नाव उतरतं ते असं. कोणी नावाला कंटाळलं म्हणून नाही, तर हाक मारली की चौघं वळून बघतात म्हणून.

प्रसिद्ध माणसामुळे खरंच नवं नाव रुळलं असं कधी होत नाही का? होतं, पण ते नाव आधी कानावर नसावं लागतं. तोच 1949 चा सुनील 1971 ला वेस्ट इंडीजला गेला, पहिल्याच मालिकेत चार टेस्टमध्ये 774 रन्स काढले, आणि 1976 ला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं रोहन, गयानाच्या एका फलंदाजावरून, ज्याचे पूर्वज इथूनच मजूर म्हणून बोटीने गेले होते. त्याआधी मराठी घरात रोहन मला तरी कुठे भेटला नाही. नंतरच्या दहा-बारा वर्षांत आमच्या कॉलनीत तीन झाले. इथे लाट कुठून सुटली ते बोट ठेवून दाखवता येतं.

राहुलबद्दल मात्र जे लिहिलं जातं ते वाचून मला मनापासून वाईट वाटतं. सरसकट लिहितात की नव्वदीतल्या हिंदी हिरोंमुळे राहुल आला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धर्मांतर झालं आणि त्यानंतर लाखो घरांनी जुनी, अपमानाची नावं टाकून बुद्धाच्या गोष्टीतली नावं घेतली. राहुल म्हणजे बुद्धाचा मुलगा. सिद्धार्थ, गौतम, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही त्याच यादीतली. मिलिंद हा भिक्खूला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, आणि मुंबईच्या 1946 च्या कॉलेजला सिद्धार्थ, औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद हे नाव दिलं गेलं, म्हणजे कॉलेजच्या पाटीवरून नाव पाळण्यापर्यंत आलं. यात सिनेमा कुठेच नाही. एका माणसाच्या शब्दावर एका पिढीने मुलांची नावं बदलली, आणि त्यांतली बरीच नावं पुढे सगळ्याच जातींत गेली. हिंदी हिरो राहुल झाला तो या सगळ्याच्या तीस-पस्तीस वर्षांनंतर.

अलीकडचा बदल वेगळाच आहे. 22 ऑक्टोबर 2011 ला सातारा जिल्ह्यात 285 मुलींचं परत बारसं झालं. नकोशी, नकुसा अशी नावं होती त्यांची, मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ठेवलेली, आणि आता नवीन नाव त्यांनी निवडायचं होतं. काहींनी ऐश्वर्या घेतलं, नटीवरून. विचार करा, आपलं नाव आपण निवडायची संधी आयुष्यात कोणाला मिळते, आणि त्या मुलींनी माहीत असलेलं सगळ्यात झगमगतं नाव उचललं. पुढच्याच महिन्यात त्या नटीला मुलगी झाली, काही महिन्यांनी आराध्या हे नाव बाहेर आलं, आणि मग शहरातल्या बालवाड्या आराध्यांनी भरल्या. आरवचंही तसंच, तो 2002 ला जन्मलेला एका हिरोचा मुलगा.

म्हणजे पूर्वी हिरोचं नाव घ्यायचे, आता हिरोच्या पोराचं घेतात. मला याचं कारण साधं वाटतं. आईबाप आणि नटनट्या आता एकाच वयाच्या आहेत, ऐश्वर्या हे आईच्या मैत्रिणीचं नाव आहे, ते बाळाला कसं शोभणार. त्यामुळे 2016 ला आर्ची इतकी गाजली, पण अर्चना हे नाव परत आलेलं मी पाहिलं नाही, कारण अर्चना सध्या सगळ्यांच्या मावश्या आहेत. आजीच्याही आजीचं नाव मात्र चालतं. रमा, जिजा, मुक्ता परत आल्या, कारण त्या नावाची ओळखीतली म्हातारी आता कोणाच्या घरात नाही.

हे सगळं मोजता येतं का? अमेरिकेत 1880 पासूनची नावांची आकडेवारी सरकार देतं, आपल्याकडे तसं काही नाही. पण मतदार यादी आहे, तिच्यात नाव आणि वय शेजारी शेजारी असतं. आपल्या वॉर्डाची यादी घ्या, एक नाव धरा, त्या नावाच्या सगळ्या माणसांची वयं पाच-पाच वर्षांच्या गटात टाका. एकाच गटात ढीग पडला तर लाट, सगळीकडे थोडी थोडी पसरली असतील तर ते आजोबा-नातू छापाचं नाव. मग ढिगाचं साल आणि सिनेमाचं साल शेजारी ठेवा आणि आधी कोण ते बघा. वय दोन-तीन वर्षांनी मागेपुढे असतं, जुन्या लोकांनी अंदाजे सांगितलेलं असतं, तेवढी सूट द्यायची.

पुरुषांचं हे जमतं. बायकांचं जमत नाही, कारण लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायचे आणि यादीत तेच आलं. म्हणजे 1935 ला जन्मलेल्या बाईच्या नावावर 1955 ची फॅशन बसलेली असते, आणि वयाप्रमाणे मोजलं तर लाट वीस वर्षं आधी दिसते. माझी आजी यादीत सुनंदा होती. माहेरी तिला शेवटपर्यंत ठकूच म्हणायचे, आणि ते नाव कुठल्याही सरकारी कागदावर नाही.