अर्ध्या नंबरचा चष्मा: रोज घालायचा की फक्त गाडीवर?

तपासणीची चिठ्ठी हातात पडते, तिच्यावर −०.५० लिहिलेलं असतं आणि काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "एवढ्याशा नंबराला चष्मा लागतोच का?" आमचा धंदाच चष्म्यांचा, तेव्हा आमच्या उत्तरावर पटकन विश्वास बसणार नाही, हे आम्ही समजू शकतो. म्हणून हिशेबच तुमच्या हातात देतो.

मायनस नंबर म्हणजे खरं तर एक अंतर. १ ला नंबराने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. अर्धा नंबर असेल तर २ मीटर, पाव असेल तर ४ मीटर, पूर्ण एक असेल तर १ मीटर. तेवढ्या अंतरापर्यंत तुमच्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. त्यापलीकडचं एकदम नाहीसं होत नाही, अक्षरांच्या कडा मऊ पडतात इतकंच. −०.५० चा माणूस तक्त्यावर साधारण ६/९ ची ओळ वाचतो. म्हणजे चांगली नजर ९ मीटरवरून जे वाचते, ते वाचायला त्याला ६ मीटरवर यावं लागतं.

आता तुमचा दिवस आठवा. मोबाइल, वही, कॉम्प्युटर, ओट्यावरची भाजी, समोर बसलेला माणूस, हे सगळं दोन मीटरच्या आतलं. तिथे हा चष्मा घातला काय आणि नाही घातला काय, फरक पडत नाही. चष्मा काढून ठेवल्याने नंबर वाढतो किंवा सतत घातल्याने डोळ्याला सवय लागून नंबर चिकटतो, या दोन्ही समजुती मनातून काढून टाका. चष्मा लावल्यावर स्वच्छ दिसायची सवय होते आणि काढल्यावर पूर्वीचं दिसणं खुपायला लागतं, एवढंच होतं.

नुसता −०.२५ निघाला तर आम्ही बहुतेकांना चष्मा करू नका असंच सांगतो. एकाच डोळ्याची आज आणि आठ दिवसांनी तपासणी केली तरी पावाचा फरक सहज येतो. त्यातून कॉम्प्युटरच्या यंत्रावर हनुवटी टेकवून निघालेली चिठ्ठी म्हणजे अंतिम नंबर नव्हे. यंत्रात डोकावताना तरुण डोळा जवळचं बघितल्यासारखा ताणला जातो आणि मायनस थोडा जास्तच दाखवतो. तक्त्यासमोर बसवून, काचा बदलून बघितल्याशिवाय त्या चिठ्ठीवर चष्मा करू नका, आमच्याकडेही नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठी

लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? अर्ध्या नंबरच्या माणसाला सहसा येते. अडचण होते ती दिवे लागल्यावर.

आमच्याकडे आलेल्या एकाचं सांगतो. वय २६, रात्रीचा टेम्पो चालवणारा, दोन्ही डोळ्यांना −०.५०. दिवसा काही तक्रार नाही, पण रात्री वळणाची पाटी जवळ आल्यावरच वाचता येते, असं त्याचं म्हणणं. चांगल्या नजरेला जी पाटी ६० मीटरवरून वाचता येते, ती ६/९ च्या नजरेला ४० मीटरवरून वाचता येते. गाडी ताशी ६० किलोमीटरने पळत असेल तर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे पाटी सव्वा सेकंद उशिरा कळली. आणि हा हिशेब दिवसाचा. अंधारात बाहुली मोठी होते, तशी नंबरातली अंधुकता जास्त पसरते. शिवाय अंधारात बऱ्याच डोळ्यांचा रोख आपोआप जवळच्या बाजूला सरकतो. त्यामुळे दिवसाचा अर्धा नंबर रात्री पाऊण-एकसारखा त्रास देऊ शकतो.

त्याला आम्ही संध्याकाळी सातनंतर बोलावलं. ट्रायल फ्रेममध्ये काचा घालून दुकानाबाहेर पायरीवर उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला सांगितल्या. काचा काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. तिसऱ्या वेळी तो फ्रेम परत द्यायला तयार होईना! फरक इतका स्पष्ट जाणवला तर चष्मा करावा. "जरा बरं वाटतंय, बहुतेक" असं उत्तर आलं तर पैसे वाचवावेत. त्याने चष्मा केला आणि टेम्पोतच ठेवला. फक्त गाडीपुरता चष्मा वापरण्यात काहीही चूक नाही. चूक एकच झाली: उन्हाळ्यात तो डॅशबोर्डवर ठेवला आणि काचेवरच्या कोटिंगला जाळ्यासारख्या भेगा पडल्या. डबीत घालून सीटखाली सावलीत ठेवला असता तर टिकला असता.

रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून पिवळ्या काचा विकल्या जातात. त्या डोळ्यात येणारा प्रकाश कमी करतात आणि रात्री तर प्रकाशच हवा असतो. पांढरी काच आणि चकाकी कमी करणारं कोटिंग एवढं पुरे. समोरच्या दिव्यांना पिसारे फुटलेले दिसत असतील तर आधी गाडीची पुढची काच आतून पुसून बघा. निम्म्या वेळा आमचं काम तिथेच संपतं.

फळ्यासाठी

मागच्या बाकावरून फळा पाच-सहा मीटरवर असतो, वही हातभर अंतरावर. −०.५० किंवा −०.७५ च्या मुलाने चष्मा फक्त वर्गात वापरला तरी चालतं. पण फळा बघताना घालायचा आणि लिहिताना काढायचा, असं तासाला वीस वेळा करायला लावू नका. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात जवळचं बघायची ताकद भरपूर असते, अर्धा नंबर तिच्यापुढे किरकोळ. तास संपेपर्यंत चष्मा नाकावर राहू द्या. काड्यांचे स्क्रू तरी टिकतील.

काही पालक विचारतात, "मुद्दाम थोडा कमी नंबर देता येईल का, म्हणजे वाढणार नाही?" २००२ मध्ये मलेशियातल्या ९४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी नंबर दिलेल्या मुलांचा मायनस पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वेगाने वाढला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत अगदी असंच निघालं नाही, पण कमी नंबर दिल्याने वाढ थांबते असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. आणखी एक: लहान मुलाला पहिल्यांदाच मायनस नंबर निघाला असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेंब घालून तपासणी करून घ्या. ताणलेल्या डोळ्याचा खोटा मायनस थेंबांनंतर नाहीसा होतो. ती तपासणी दुकानात होत नाही.

इथे मात्र "ऐच्छिक" म्हणू नका

लहान मुलाच्या एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा असेल, विशेषतः प्लस, तर दोन्ही डोळ्यांनी मिळून त्याला छान दिसतं आणि तक्रार कुणीच करत नाही. पण मागे पडलेला डोळा वापराअभावी आळशी होत जातो. असा चष्मा डॉक्टर सांगतील तितके तास घालायचा, फळ्यापुरता नाही.

पन्नाशीनंतर नव्यानेच मायनस आला आणि वाचायचा चष्मा अचानक नकोसा झाला, तर ते नजर सुधारल्याचं लक्षण नाही. मोतीबिंदूची सुरुवात अशीही होते. आणि काही दिवसांतच नंबर अर्ध्या-पाऊणने सरकला असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या. साखर वाढल्यावर डोळ्यातल्या भिंगाचा नंबर बदलतो आणि ती आटोक्यात आल्यावर पुन्हा हलतो. अशा वेळी केलेला चष्मा महिन्या-दोन महिन्यांत निरुपयोगी ठरू शकतो, म्हणून ऑर्डर आम्हीच थांबवून ठेवतो.

पायरीवरची चाचणी रोज दिवे लागल्यापासून दुकान बंद होईपर्यंत करता येते. येताना जुना चष्मा असेल तर घेऊन या.