जिल्ह्याच्या उजेडाची बेरीज: एका आकड्यामागची गोष्ट

कुठल्या जिल्ह्यात वीज किती पोहोचली हे मोजण्यासाठी अलीकडे एक सोपी रीत रूढ झाली आहे. रात्रीच्या उजेडाचं उपग्रहचित्र घ्यायचं, त्यावर जिल्ह्याची हद्द ठेवायची आणि आत पडणाऱ्या सगळ्या चौकोनांच्या म्हणजे पिक्सेलच्या उजेडाच्या मूल्यांची बेरीज करायची. दोन वर्षांच्या बेरजांतला फरक म्हणजे बदल. संगणकाला हे काम दोन ओळींचं आहे:

```python
from rasterstats import zonal_stats
r = zonal_stats("jilhe.shp", "F182010.tif", stats=["sum", "count"])
```

पण या बेरजेत काय काय मिसळलेलं असतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

ही चित्रं विजेसाठी काढलेलीच नव्हती. अमेरिकी हवाई दलाला रात्री चांदण्यात ढग दिसायला हवे होते. म्हणून त्यांच्या डीएमएसपी या हवामान-उपग्रहांवर अगदी मंद उजेड टिपणारा संवेदक बसवला गेला. ढगांबरोबर खालची शहरंही दिसू लागली, ती आपसूक. १९७०च्या दशकात ही चित्रं नागरी अभ्यासकांना खुली झाली, पण ती फिल्मवर होती. बेरीज करता येईल असा आकडेवारीचा साठा सुरू होतो १९९२पासून. त्याआधीच्या वर्षाचा जिल्हावार आकडा कुणी दिला, तर तो कुठून आणला हे आधी विचारावं.

अमेरिकेच्या नोआ या संस्थेत ख्रिस्तोफर एल्विज आणि सहकाऱ्यांनी वर्षभरातल्या ढगविरहित रात्रींची सरासरी काढून, वणवे आणि क्षणिक उजेड वगळून ‘स्थिर दिव्यांचे’ वार्षिक नकाशे बनवले. चौकोन साधारण एक किलोमीटरचा, मूल्य ० ते ६३. या नकाशांवरूनच देशादेशांची बेरीज करून ती वीजवापराशी आणि उत्पन्नाशी ताडून पाहायची पद्धत पडली. पुढे देशाच्या जागी जिल्हा आला, आणि अडचणी तिथेच सुरू झाल्या. देशाच्या मोठ्या बेरजेत दबून जाणाऱ्या चुका जिल्ह्याच्या बेरजेत ठळक होतात.

सर्वांत फसवी चूक २०१०ची. डीएमएसपी हा एक उपग्रह नव्हे, ती मालिका आहे: एफ१०, एफ१२, एफ१४, एफ१५, एफ१६, एफ१८. एकाचं आयुष्य संपत आलं की दुसरा वर जायचा. प्रत्येकाची दृष्टी थोडी वेगळी, आणि अवकाशात गेल्यावर रात्रीच्या उजेडाचा काटा तपासून घ्यायची सोय एकावरही नव्हती. २००९चा नकाशा एफ१६चा, २०१०चा एफ१८चा. आता भारतातला काळ आठवा. राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना एप्रिल २००५मध्ये सुरू झाली होती आणि २०१०च्या सुमारास तिची कामं जोरात होती. त्या वर्षी जिल्ह्यांची बेरीज एकदम उसळलेली दिसते. योजनेला श्रेय द्यायचा मोह कुणालाही होईल. मीही पहिल्या खेपेला तसा आलेख काढून खूश झालो होतो. मग शंका आली, कारण ज्या जिल्ह्यांत वीज आधीपासून होती तेही त्याच वर्षी उसळले होते. सगळे जिल्हे एकाच वर्षी, एकाच दिशेला हलले, तर आधी उपग्रह बदलला का ते पाहायचं आणि मगच योजनेकडे वळायचं.

यावर एल्विज यांनीच २००९मध्ये तोडगा मांडला होता. ज्या भागातले दिवे वर्षानुवर्षं फारसे बदलले नाहीत असा भाग निवडायचा (त्यांनी इटलीचं सिसिली बेट घेतलं), एफ१२चं १९९९ हे वर्ष प्रमाण मानायचं आणि बाकी प्रत्येक उपग्रह-वर्षाची मूल्यं त्याच्याशी जुळवून घ्यायची. सूत्र साधं, वर्गसमीकरणाचं: `C0 + C1*DN + C2*DN^2`. यात DN म्हणजे चौकोनाचं मूळ मूल्य, आणि C0, C1, C2 हे त्या उपग्रह-वर्षासाठी काढलेले गुणक. हे बेरजेच्या आधी, प्रत्येक चौकोनावर लावायचं असतं. बेरजेवर लावलं तर उत्तर चुकतं, कारण वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग एक नसतात.

दुरुस्तीनंतरही ६३चं छत राहतंच. पुण्याच्या मध्यवस्तीतला चौकोन एकदा ६३ला टेकला की तिथे दिवे दुप्पट झाले तरी आकडा ढिम्म हलत नाही. गडचिरोलीतला मात्र ० वरून ६वर जाऊ शकतो. त्यामुळे मागास जिल्हे पुढारलेल्यांना गाठत आहेत असं चित्र दिसतं, आणि त्यातला काही भाग निव्वळ छताची करामत असतो. शिवाय शहराचा उजेड नकाशावर काही किलोमीटर बाहेर पसरतो. हद्दीलगतची गावं शेजारच्या जिल्ह्याच्या उसन्या उजेडात न्हातात.

हद्दींचीही एक गंमत आहे. १९९८मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, २०१४मध्ये ठाण्यातून पालघर. प्रत्येक वर्षाला त्या वर्षीचा नकाशा वापरला तर ठाण्याचा उजेड २०१४ला अचानक घटतो. जनगणनेच्या तक्त्यांत हा गुंता सोडवणं कटकटीचं असतं, इथे तसं नाही. उजेड चौकोनांत साठवलेला असल्याने आजची हद्द १९९२च्या चित्रावरही ठेवता येते. सगळ्या वर्षांना एकच हद्द, हा नियम पाळला की झालं.

२०१२पासून सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस संवेदकाची मासिक चित्रं मिळू लागली. चौकोन अर्ध्या किलोमीटरचा, छत नाही, मोजमाप खरोखरीच्या तेजाचं. पण हा उपग्रह रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. डीएमएसपी साधारण साडेआठ-साडेनऊला जायचा, तेव्हा घरातले दिवे चालू असत, किंवा भारनियमनात गेलेले असत. दीड वाजता उरतात ते रस्त्यावरचे दिवे. म्हणून २०१३पर्यंतची जुनी मालिका आणि पुढची नवी एका रेषेत सांधली, तर संध्याकाळची तुलना मध्यरात्रीशी होते.

नव्या चित्रांत छत गेलं, पण तळाशी वेगळीच खोच आली. सुरुवातीच्या मासिक चित्रांत अंधाऱ्या चौकोनांनाही बारीकसं मूल्य असतं. गडचिरोली जिल्हा सुमारे १४,४१२ चौ. किमीचा. त्या अक्षांशावर एक चौकोन साधारण ०.२ चौ. किमी भरतो, म्हणजे जिल्ह्यात ७० हजारांवर चौकोन. त्यांतल्या बहुतेकांत ०.२चा खोटा उजेड धरला, तर बेरजेत जवळपास १४,००० फुकटचे मिळतात, आणि त्यात ०.१चा चढउतार झाला तर ७,०००चा ‘बदल’ दिसतो. त्यामुळे ठरावीक उंबरठ्याखालची मूल्यं शून्य करून मगच मिळवावी. पावसाळ्याचे महिने तर मी सरळ गाळतो. जून ते सप्टेंबर ढगाविना रात्री इतक्या कमी मिळतात की सरासरीला अर्थ उरत नाही. ढगविरहित निरीक्षणं किती होती हे `cf_cvg` या थरात दिलेलं असतं, ते उघडून पाहायला आळस करू नये.

पथदिव्यांनीही २०१५नंतर घोळ घातला. तेव्हापासून देशभर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी बसू लागले. व्हीआयआयआरएसला निळा उजेड दिसत नाही. रस्ता डोळ्यांना उजळ दिसतो आणि तालुक्याच्या गावाचा आकडा घसरतो.

आणि विद्युतीकरण म्हणजे तरी काय? २००४च्या व्याख्येनुसार गावातल्या १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज आली की गाव ‘विद्युतीकृत’. याच हिशेबाने २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांगबरोबर देशातलं शेवटचं गाव जोडलं गेल्याचं जाहीर झालं. दहा घरांतले चार-दोन बल्ब आकाशातून दिसणं अवघडच, तेही रात्री दीड वाजता. उलट जिल्ह्याच्या गावी नवा चौपदरी रस्ता झाला की बेरीज दणक्यात वाढते. म्हणून मी बेरजेशेजारी आणखी एक रकाना ठेवतो: उंबरठ्याच्या वर असलेल्या चौकोनांची संख्या. बेरीज वाढली पण उजळ चौकोन तेवढेच राहिले, तर आधीच उजळ असलेलं शहर आणखी उजळलं. चौकोन वाढले आणि बेरीज जेमतेम हलली, तर तारा कुठल्या तरी नव्या वस्तीत गेल्या असण्याचा संभव जास्त.