१२८ बिटांची किल्ली, २० बिटांचं सीड

१९९५ साली नेटस्केप ब्राउझरमधलं एन्क्रिप्शन दोन प्रकारांत मिळायचं. अमेरिकेबाहेर ४० बिटांची किल्ली, कारण निर्यातीवर निर्बंध होते, आणि अमेरिकेत १२८ बिटांची. त्या सप्टेंबरमध्ये बर्कलीतल्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं की हल्ला करणाऱ्याला या दोन प्रकारांत काही फरकच पडत नाही. सायफरच्या गणिताला त्यांनी हातही लावला नाही. किल्ली ज्या रँडम संख्यांपासून तयार होते, त्या कुठून येतात एवढंच त्यांनी पाहिलं. सोर्स कोड उघड नव्हता, म्हणून तयार प्रोग्राम उलगडत बसावं लागलं. हाती आलेला गाभा असा होता:

```
a = mklcpr(microseconds)
b = mklcpr(pid + seconds + (ppid << 12))
seed = MD5(a, b)
```

म्हणजे सीड, जिथून रँडम संख्यांची मालिका सुरू होते ती संख्या, तीन गोष्टींतून बनत होतं: घड्याळातली वेळ, ब्राउझरचा प्रोसेस क्रमांक आणि त्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक. `mklcpr` म्हणजे निव्वळ एक गुणाकार, एक बेरीज आणि एका बिटाची सरकवणूक. पुढे त्याच सीडवरून सत्राची किल्ली निघायची.

असं कोणी का लिहिलं असेल? निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येईल, पण त्यामागे जुनी सवय आहे. डेरिक लेमर यांनी १९४९ मध्ये मांडलेली पद्धत एनिॲकसारख्या यंत्रावर आकडेमोडीच्या प्रयोगांसाठी होती. आधीच्या संख्येला ठरावीक गुणक लावायचा, ठरावीक संख्येने भागायचं, उरलेली बाकी ही पुढची संख्या. त्याच पद्धतीचं, फक्त एक बेरीज जोडलेलं लहान रूप पाहू: संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून सुरुवात केली तर ६, १, ८, ११, १० असा क्रम येतो. दिसायला विस्कळीत, पण नियम माहीत असणाऱ्याला एक संख्या दिसली की पुढची सगळी मालिका हातात येते.

सिम्युलेशन करणाऱ्याला यात काहीच वावगं वाटत नाही. उलट त्याला हेच हवं असतं: तेच सीड दिलं की तोच प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करता आला पाहिजे. त्याची कसोटी एवढीच, की संख्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असाव्यात आणि क्रम लवकर परत येऊ नये. आज सर्रास वापरला जाणारा मर्सेन ट्विस्टर या कसोटीवर उत्तम उतरतो. तरीही त्याच्या ३२ बिटांच्या सलग ६२४ संख्या पाहिल्या की त्याची आतली स्थिती पूर्ण काढता येते.

क्रिप्टोग्राफीची कसोटी वेगळी आहे आणि ती १९८२ च्या सुमारास मॅन्युएल ब्लम, सिल्व्हिओ मिकाली आणि अँड्र्यू याओ यांच्या कामातून नेमकी मांडली गेली. आतापर्यंतचे सगळे बिट पाहिलेल्या माणसालाही पुढचा बिट नाणेफेकीपेक्षा चांगला ओळखता येऊ नये. इथे समोर आकडेवारी नसते, तर नियम ठाऊक असलेला आणि मुद्दाम अंदाज बांधणारा विरोधक असतो. त्याच्यापासून लपलेली गोष्ट एकच, ती म्हणजे सीड. म्हणून सीडमध्ये किती एन्ट्रॉपी आहे, म्हणजे विरोधकाच्या दृष्टीने त्याच्या किती शक्यता उरतात, यावर सगळं ठरतं.

नेटस्केपचा हिशोब याच मापाने करू. हल्लेखोराचं त्याच यंत्रावर खातं असेल तर `ps` आज्ञा दोन्ही प्रोसेस क्रमांक सांगून टाकते. सेकंद कळायला नेटवर्कवरून जाणारं पाकीट कधी गेलं ते पाहणं पुरे. राहिले मायक्रोसेकंद, म्हणजे जास्तीत जास्त १० लाख शक्यता, म्हणजेच सुमारे २० बिट. खातं नसेल तेव्हाही प्रोसेस क्रमांक १५-१५ बिटांचेच, आणि ते `12` घरं सरकवून एकमेकांवर चढवल्यामुळे दोन्ही मिळून २७ बिट. सगळं धरून ४७. तोही वरचा आकडा, कारण मूळ प्रोसेसचा क्रमांक बहुतेकदा १ असतो किंवा ब्राउझरच्या क्रमांकाच्या जरासा अलीकडे. एमडी५ हे हॅश फंक्शन शेवटी १२८ बिट देतं खरं, पण १० लाख सीडांचे हॅशही १० लाखच. हॅश एन्ट्रॉपी ढवळतो, वाढवत नाही. खातं असलेल्या प्रकारात नेहमीच्या वर्कस्टेशनवर किल्ली सापडायला मिनिटभरही लागत नव्हतं.

प्रत्येक प्रोग्रामने आपापलं सीड जमवत बसण्याऐवजी हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने करावं, ही कल्पना तोवर लिनक्समध्ये आलीही होती. १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी `/dev/random` लिहिलं. कळ कधी दाबली गेली, माउस कधी हलला, डिस्कचं उत्तर कधी आलं, या क्षणांमधली बारीक अनियमितता एका साठ्यात मिसळत राहायची आणि मागणाऱ्याला हॅशमधून गाळून द्यायची.

पण साठा भरलेला असणं आणि तो किल्लीपर्यंत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणातल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन सुरुवातीची किंमत न दिलेल्या मेमरीबद्दल कुरकुर करत होतं. ती थांबवायला `MD_Update(&m,buf,j);` अशी ओळ दोन ठिकाणी कॉमेंट केली गेली. त्यातली एक ओळ बाहेरून आलेलं सीड साठ्यात मिसळणारी होती. ती गेल्यावर बदलता भाग म्हणून फक्त प्रोसेस क्रमांक उरला: ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे जाहीर होईपर्यंत जवळपास दोन वर्षं लोक या किल्ल्या बनवत होते आणि कोणाला शंकाही आली नाही. येणार कशी? एक किल्ली हातात घेऊन कितीही सांख्यिकी चाचण्या लावा, ती निर्दोषच दिसते. दोष दिसतो तो सगळ्या संभाव्य किल्ल्या तयार करून आपली त्या यादीत आहे का हे पाहिल्यावरच, आणि डेबियनने नेमक्या अशाच याद्या वाटल्या.

तिसरा प्रकार २०१२ मध्ये उघड झाला. नाडिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे आपसांतले मसावि काढले. आरएसएची किल्ली म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. ७७ आणि ९१ वेगवेगळे दिसतात, पण मसावि ७ निघाला की ११ आणि १३ ही आपोआप हाती येतात. या रीतीने टीएलएस हे सुरक्षित जोडणीचं तंत्र वापरणाऱ्या सुमारे ०.५ टक्के यंत्रांच्या खासगी किल्ल्या निघाल्या. त्यांत मुख्यतः राउटर, फायरवॉलसारखी उपकरणं होती. त्यांना ना कीबोर्ड ना माउस, आणि किल्ली बनते पहिल्यांदा वीज मिळताच. साठा रिकामा असताना अनेक उपकरणांनी एकच पहिली मूळ संख्या काढली, आणि दुसरी काढेपर्यंत कुठे थोडाफार फरक पडला होता.

२०१४ मध्ये लिनक्सला कर्नलकडून रँडम बिट मागणारं `getrandom` मिळालं. बूट झाल्यावर साठ्यात पुरेशी एन्ट्रॉपी जमेपर्यंत ते मागणाऱ्याला थांबवून ठेवतं, एकदा जमली की मग कधीच थांबवत नाही. नियम चोख, पण थांबण्याची किंमत २०१९ मध्ये दिसली. ext4 फाइल सिस्टिममध्ये डिस्कवरचं वाचन कमी करणारी एक सुधारणा आली. वाचन कमी, म्हणून डिस्ककडून सीपीयूला येणारे इशारे, म्हणजे इंटरप्ट, कमी, म्हणून साठा भरेना, आणि काही यंत्रं लॉगिनच्या पडद्याआधीच अडकून बसायला लागली. लिनस टोरवाल्ड्स यांनी आधी ती सुधारणाच मागे घेतली. नंतर कर्नलमध्ये अशी सोय केली, की साठा भरत नसेल तर सीपीयूच्या वेळेतली बारीक थरथर मोजून तो स्वतःच भरून घ्यायचा. त्या थरथरीत खरी एन्ट्रॉपी किती, हा वाद तेव्हाही झाला.