पाच जणांचा हिशेब, तीनच व्यवहार

लातूरमध्ये एका फ्लॅटवर पाच जण राहतात असं समजा. भाडं ज्याचं तो घरमालकाला देतो, बाकीचा खर्च सामायिक. या महिन्यात बालाजीनं लाईट बिलाचे १,४०० भरले, गोविंदनं किराण्याचे १,३००, व्यंकटनं गॅस आणि पाण्याच्या जारचे १,२००, दत्तानं वायफायचे ६०० आणि अमोलनं दूध-भाजीचे ५००. एकूण ५,०००, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला हजार.

‘मी तुझं किती, तू माझं किती’ असं जोडी-जोडीनं फेडायला बसलं, तर पाच जणांत दहा जोड्या होतात आणि इथं दहाही जोड्यांत काहीतरी देणं निघतं. त्यापेक्षा प्रत्येकानं भरलेल्या रकमेतून त्याचा वाटा वजा करायचा. बालाजीला ४००, गोविंदला ३०० आणि व्यंकटला २०० यायचेत. दत्ताकडून ४०० आणि अमोलकडून ५०० निघतात. येणं ९००, देणंही ९००. या दोन बेरजा जुळल्या नाहीत तर पुढं जाऊच नये, कारण कुठली तरी नोंद चुकलेली असते किंवा पैशांची मोड राहिलेली असते. कुणी सणाला गावी गेला म्हणून किराण्यात त्याचा वाटा कमी धरला, तरी बेरीज जुळलीच पाहिजे.

आता फेडायचं कसं? मनात पहिल्यांदा येतं ते असं, की सगळ्यात मोठ्या देणेकऱ्यानं सगळ्यात मोठ्या येणेकऱ्याला द्यावं. मग अमोल बालाजीला ४०० देतो, दत्ता गोविंदला ३००, आणि उरलेले शंभर-शंभर दोघंही व्यंकटला देतात. चार व्यवहार झाले. या पद्धतीत दर व्यवहाराला निदान एकाचा हिशेब मिटतो आणि शेवटच्या व्यवहारात दोघांचा, म्हणून माणसांच्या संख्येपेक्षा एक कमी, याहून जास्त व्यवहार कधीच लागत नाहीत.

पण तीन व्यवहारांतही भागतं. दत्तानं बालाजीला ४०० द्यावेत. अमोलनं गोविंदला ३०० आणि व्यंकटला २००. इथं पाच जणांचे दोन गट पडले, ज्यांचं देणं-येणं गटातल्या गटातच मिटतं. असा प्रत्येक स्वतंत्र गट एक व्यवहार वाचवतो. म्हणून कमीत कमी व्यवहार म्हणजे हिशेब बाकी असलेल्या माणसांची संख्या वजा जास्तीत जास्त गट.

खरी मेख हे गट शोधण्यात आहे. सारख्या रकमेची जोडी दिसली की आधी ती मिटवावी, त्यात नुकसान कधीच नसतं. तीन-चार जणांचे गट मात्र पटकन दिसत नाहीत. पाच जणांतून गट निवडायचे ३२ प्रकार असतात, वीस जणांतून दहा लाखांवर. संगणकशास्त्रात हा प्रश्न ‘एनपी-हार्ड’ समजला जातो, म्हणजे माणसं कितीही वाढली तरी झटपट अचूक उत्तर देईल अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

शिवाय रकमा तंतोतंत जुळाव्या लागतात. दत्ताकडून ३९७ आणि अमोलकडून ५०३ निघाले असते, तर गट मोडून पुन्हा चार व्यवहार आले असते. अशा वेळी सगळ्यांना विचारून रकमा जवळच्या दहावर आणल्या, तर तीन रुपये इकडचे तिकडे होतात आणि एक व्यवहार वाचतो.