संगत आधी की गुन्हा आधी?

‘संगतीनं पोरगं बिघडलं’ असं आपण सहज म्हणतो. बालगुन्हेगारीच्या अभ्यासकांत मात्र यावर कित्येक दशकं वाद आहे, आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात तो वाद दिसायलाच हवा.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या खर्ड्यात तो बहुधा दिसत नाही. एका परिच्छेदात ग्लूक दांपत्याचा अभ्यास, पुढच्यात थॉर्नबेरींचा, मग डिशन यांचा. प्रत्येकाचं म्हणणं सुटंसुटं सांगितलेलं. अशा खर्ड्यातले परिच्छेद पुढेमागे करून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर तो आढावा नसून सारांशांची माळ आहे.

त्याऐवजी एक तक्ता करावा. प्रत्येक अभ्यासाला एक आडवी ओळ द्यावी. उभ्या रकान्यांत प्रश्न असावेत: मुलं कोण होती, माहिती कशी मिळवली, किती वेळा मिळवली, मित्रांबद्दल काय आढळलं, कुटुंबाबद्दल काय आढळलं. वाचताना तक्ता ओळीनं भरत जातो. लिहिताना तो रकान्यानं, वरून खाली वाचायचा आणि एकेका रकान्याचा एकेक परिच्छेद करायचा.

मित्रांचा रकाना घेऊ. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक यांनी 1950 साली बॉस्टन परिसरातल्या 500 गुन्हेगार आणि 500 इतर मुलांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांचं मत असं, की मुलं टोळीच्या वयाआधीच वाकड्या वाटेला लागलेली असतात आणि मग आपल्यासारखेच सोबती शोधतात. थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांनी रॉचेस्टर शहरातल्या मुलांना ठरावीक काळानं पुन्हापुन्हा भेटून माहिती घेतली. 1993 च्या त्यांच्या लेखात उलट चित्र दिसतं: टोळीत असताना मुलांचे गुन्हे वाढले, बाहेर पडल्यावर कमी झाले. या दोन निष्कर्षांना शेजारी बसवलं की खरा प्रश्न पुढे येतो. ग्लूक मागे वळून भूतकाळ जुळवत होते, रॉचेस्टरचे संशोधक मुलांसोबत पुढे चालत होते. आधी काय आणि नंतर काय, हे ठरवायला दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, आणि आढावा लिहिणाऱ्यानं असं मत कारणासह मांडलंच पाहिजे.

याच परिच्छेदात डिशन, मकॉर्ड आणि पूलिन यांचा 1999 चा लेख बसतो. धोक्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांना सुधारण्यासाठी गटात एकत्र आणलं, तेव्हा काही कार्यक्रमांत त्यांचं वागणं आणखी बिघडलं. संगतीचा परिणाम खरा असल्याचा हा वेगळ्या वाटेनं आलेला पुरावा आहे. लेखकवार मांडणीत तो ‘उपाययोजना’ म्हणून शेवटी कुठेतरी पडून राहिला असता.

ग्लूक पुन्हा कुटुंबाच्या परिच्छेदात येतील, कारण पालकांच्या देखरेखीचा आणि शिस्तीचा मुद्दाही त्यांनी ठामपणे मांडला होता. एकच नाव तीन ठिकाणी आलं तरी बिघडत नाही. प्रत्येक वेळी त्या प्रश्नापुरताच निष्कर्ष उचलायचा.

रकाना वाचताना रिकाम्या जागाही दिसतात. ग्लूक यांच्या हजारात एकही मुलगी नव्हती. मग संगतीबद्दलचा त्यांचा निष्कर्ष मुलींना लावता येत नाही, आणि ते त्याच परिच्छेदात लिहायचं.