एसी गार करत नाही, स्टेअरिंग ओढतं? आधी स्क्रीनवर हे बघा

उन्हाळ्यात फोक्सवॅगनच्या गाड्या आमच्याकडे बहुतेक याच दोन तक्रारी घेऊन येतात. कित्येकदा बिघाड नसतोच. स्क्रीनवरची एखादी सेटिंग बदललेली असते, म्हणून हे पत्रक.

मे महिन्यात जालन्याहून एक ग्राहक आले. गॅस, फिल्टर, पंखा सगळं ठीक होतं, तरी केबिन गार होईना. ड्राइव्ह मोड Eco वर होता. या मोडमध्ये गाडी इंजिनाबरोबर एसीचाही जोर कमी करते. एरवी ते चालून जातं, पण बेचाळीस अंशांत उन्हात तापलेल्या गाडीला तेवढं पुरत नाही. आम्ही मोड Individual केला, त्यात इंजिन Eco वरच ठेवून एसी Normal केला. ज्या मॉडेलमध्ये एसीचा असा वेगळा पर्याय नसेल, तिथे सरळ Comfort निवडा.

मग एसीच्या पानावर AUTO आणि A/C दोन्ही चालू आहेत का बघा आणि तापमान 23-24 ठेवा. निघताना मिनिटभर काचा खाली करून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. एवढं करून दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवली तरी फरक पडला नाही, तर दोष स्क्रीनमध्ये नाही. मग गाडी दाखवायला आणाच.

स्टेअरिंगचंही असंच. दुपदरी रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉलीला इंडिकेटर न देता ओलांडू लागलात, की स्टेअरिंग हलकेच मागे ओढतं. ते Lane Assist. काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे पाहतो आणि गाडी पट्टा ओलांडतेय असं वाटलं की यंत्रणा स्टेअरिंग हलकेच वळवते. ताशी साधारण 60 च्या पुढेच ते काम करतं. इंडिकेटर दिलात की ओढत नाही. म्हणून ताशी 40 वर, पट्टे नसलेल्या सपाट रस्त्यावरही गाडी एका बाजूला जात असेल, तर ते Lane Assist नाही. टायरमधली हवा तपासा आणि अलाइनमेंट करून घ्या.

समृद्धीवर Lane Assist चालू ठेवा. पट्टे पुसलेल्या किंवा खोदलेल्या रस्त्यावर ते गोंधळतं. अशा वेळी गाडी थांबवून सहाय्यक यंत्रणांच्या पानावर ते बंद करा. काही मॉडेलमध्ये गाडी पुन्हा सुरू केली की ते आपोआप चालू होतं, तो दोष समजू नका.

Front Assist मात्र बंद करू नका. धोका दिसला तर गाडीला ब्रेक लावणारी यंत्रणा तीच. सेन्सर झाकला गेल्याचा संदेश आला, तर गाडीच्या पुढच्या बाजूची धूळ-चिखल ओल्या मऊ फडक्याने पुसा. पुसूनही संदेश गेला नाही, किंवा बंपरला धक्का लागल्यानंतर तो येऊ लागला, तर रडार तपासावं लागेल. रात्री दिवे नसलेल्या ट्रॉलीसमोर मात्र या यंत्रणेच्या भरवशावर राहू नका. अंतर तुम्हीच ठेवायचं.