ई-मेल जपायचा तर त्याच्या मोहरेसकट

ऑगस्ट 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. त्याच्या वर्षभर आधी, 1 जुलै 2024पासून, भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला होता. त्याच्या कलम 63नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, लिहायला जागा ठेवलेली आहे. कायद्याची बाजू वकील सांगतील. मला बोलायचं आहे ते त्या आधीच्या गोष्टीबद्दल. व्यवहाराचा मेल म्हणून आपण जे जपून ठेवतो, तो बहुतेक वेळा मेल नसतोच. तो मेलचा फोटो असतो: मोबाइलचा स्क्रीनशॉट, नाहीतर प्रिंट काढून केलेली पीडीएफ.

एक प्रसंग धरून चालू. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला पुण्याच्या गिऱ्हाइकाचा मेल आला. कास्टिंगची ऑर्डर, दर किलोला 112 रुपये. माल गेला, बिल गेलं आणि मग गिऱ्हाईक म्हणू लागलं की दर 108च ठरला होता. फाउंड्रीच्या मालकाने वकिलांना स्क्रीनशॉट पाठवला. वकील म्हणाले, "साहेब, हा नको. मूळ मेलच जोडून पाठवा." मालकाच्या मुलाने जीमेलमध्ये Forward as attachment केलं, आणि वकिलांच्या ऑफिसात `.eml` या शेपटाची एक फाइल येऊन पडली. तिथल्या क्लार्कने डबल-क्लिक केलं तर विंडोज विचारू लागलं, कशात उघडू? त्याने नोटपॅड निवडलं. समोर आलं ते असलं काही:

```
Subject: =?UTF-8?B?4KSV4KWL4KSy4KWN4KS54KS+4KSq4KWC4KSw?=
```

"फाइल करप्ट आहे, नाहीतर व्हायरस आहे," हा अशा वेळचा ठरलेला निष्कर्ष. दोन्ही चूक. ही फाइल अगदी धडधाकट आहे आणि त्या ओळीत "कोल्हापूर" असं लिहिलेलं आहे.

ई-मेलचा मूळ साचा 1982मध्ये आरएफसी 822 या दस्तऐवजात पक्का झाला. तेव्हा मेलमध्ये फक्त 128 चिन्हं चालत: इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. मराठी मजकूर, फोटो, पीडीएफ यांना त्यात जागाच नव्हती. पुढे 1992मध्ये माइम नावाची पद्धत आली. तिने जुना साचा न मोडता वाट काढली: काहीही पाठवायचं असो, त्याचं आधी साध्या इंग्रजी अक्षरांत रूपांतर करायचं. त्यातल्या एका रूपांतराचं नाव बेस 64, आणि मराठीशी त्याचं गणित फार सुंदर जुळतं. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणजे 24 बिट. बेस 64 या बिटांचे सहा-सहाचे गट पाडतं आणि प्रत्येक गटाला 64 ठरावीक चिन्हांपैकी एक देतं. चोवीसाला सहाने भागलं की चार. म्हणून देवनागरीच्या एका चिन्हाची बरोबर चार चिन्हं होतात. "क" घ्या:

```
11100000 10100100 10010101
111000  001010  010010  010101
  4       K       S       V
```

वरची ओळ म्हणजे "क"चे तीन बाइट. खालची तेच बिट सहा-सहाने तोडून. "कोल्हापूर" या शब्दात काना, मात्रा, उकार आणि हलन्त धरून 9 चिन्हं आहेत, म्हणून वरच्या गिचमिडीत `?B?` आणि शेवटचं `?=` यांच्या मध्ये 36 अक्षरं आहेत. मोजून पाहा. शिवाय देवनागरीच्या सगळ्या चिन्हांचे सुरुवातीचे बिट जवळजवळ सारखे असल्यामुळे प्रत्येक चौकडी `4KS` किंवा `4KW` नेच सुरू होते. अनोळखी फाइलमध्ये ही अक्षरं पुन्हापुन्हा दिसली, तर आत देवनागरी मजकूर आहे हे न उलगडताही ओळखता येतं. मात्र मध्ये मोकळी जागा आली की ती एकच बाइट घेते आणि पुढचे गट सरकतात, मग ही खूण काही अंतर हरवते.

तर `.eml` म्हणजे मेल जसा वाहून आला तसा, अक्षरशः तोच मजकूर. ती नीट वाचायची तर थंडरबर्डसारखा मोफत मेल प्रोग्रॅम पुरतो, आउटलुकही चालतं. नोटपॅडमध्ये नुसती पाहिल्याने काहीच बिघडत नाही, कारण नोटपॅड आतलं काहीही चालवत नाही. "ईएमएल उघडली की फोन हॅक होतो" अशी सूचना कुणी पुढे ढकलली असेल तर ती इथेच थांबवा. धोका असतो तो फाइलच्या आतल्या लिंकमध्ये आणि जोडपत्रात, जसा कुठल्याही मेलमध्ये असतो. आणि `order.eml.exe` असं नाव असेल तर तो मेल नव्हे, प्रोग्रॅम आहे. त्याला हात लावू नका.

आता माझा आवडता भाग. फाउंड्रीच्या मालकाकडची ही फाइल साधा मजकूर असेल, तर त्यात 108चं 112 त्यानेच केलं नसेल कशावरून? नोटपॅडमध्ये उघडून आकडा बदलायला किती वेळ लागतो? स्क्रीनशॉट आणि पीडीएफला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. फाइलला देता येतं, कारण बहुतेक मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने लावलेली मोहर असते. तिचं नाव डीकेआयएम. लखोट्यावरची लाखेची मोहर लखोटा उघडताच फुटते. ही मोहर मेल कितीही वेळा वाचला तरी शाबूत राहते, फक्त अक्षर बदललं तर फुटते. फाइलमध्ये ती अशी दिसते (कंपनीचं नाव आणि खुणा नमुन्यादाखल):

```
DKIM-Signature: v=1; a=rsa-sha256; d=example.com; s=key1;
 h=from:to:subject:date; bh=...; b=...
```

पाठवणाऱ्याचा सर्व्हर आधी मेलचा सगळा मजकूर एसएचए-256 या सूत्रातून काढतो. मजकूर दोन ओळींचा असो की दोनशे पानांचा, बाहेर येतात फक्त 256 बिट. यालाच हॅश म्हणायचं. मजकुरातला एक आकडा बदला, हॅश पूर्ण वेगळा येतो. दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश सारखा येईल असं मुद्दाम घडवून आणणं आजवर कुणाला जमलेलं नाही. हा हॅश बेस 64मध्ये लिहून `bh=` पुढे ठेवतात. 256 बिट म्हणजे 32 बाइट, त्यांची 44 अक्षरं होतात.

मग दुसरी पायरी. पाठवणारा, घेणारा, विषय, तारीख या ओळी (कोणत्या, ते `h=` सांगतं) आणि `bh=` सकट ही मोहरेची ओळच, या सगळ्यांचा मिळून पुन्हा एक हॅश काढतात. त्यावर सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने सही करतो. ती सही म्हणजे `b=`. खासगी किल्ली सर्व्हरबाहेर जात नाही. तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली मात्र कंपनीच्या डोमेनच्या जाहीर नोंदीत ठेवलेली असते, आणि `d=` व `s=` वरून ती कुणालाही मागवता येते:

```
nslookup -type=txt key1._domainkey.example.com
```

सार्वजनिक किल्लीने सही तपासता येते, करता येत नाही. सगळं बळ इथे आहे.

आता मालकाच्या जागी बसून लबाडी करून बघा. तुम्ही 108चं 112 केलंत. मजकुराचा हॅश बदलला, तो `bh=` शी जुळेना. ठीक, नवा हॅश काढून `bh=` सुद्धा बदललंत. हॅश तर कुणालाही काढता येतो. पण `bh=` हा सहीखालच्या मजकुराचाच भाग आहे, त्यामुळे आता `b=` जुळेना. ते जुळवायला खासगी किल्ली हवी, आणि ती आहे पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर. म्हणजे मोहर शाबूत असेल तर आकडा मालकाने बदललेला नाही, आणि मेल आपल्या डोमेनवरून गेलाच नाही असं म्हणायला गिऱ्हाइकालाही जागा उरत नाही.

यावरूनच कळतं की साधा फॉरवर्ड का चालत नाही. फॉरवर्ड केला की तुमच्या नावाने नवाच मेल तयार होतो, त्यावर तुमच्या सर्व्हरची मोहर बसते, गिऱ्हाइकाची मागेच राहते. जोडपत्र म्हणून पाठवलेला मेल मात्र मूळ ओळींसकट जातो. स्क्रीनशॉटवर तारीख-वेळेचा शिक्का मारून "कोर्टात शंभर टक्के मान्य" अशी जाहिरात करणारी अ‍ॅप असतात. तो शिक्का चित्र कधी काढलं एवढंच सांगतो. चित्रातला आकडा खरा की खोटा, याबद्दल तो गप्प असतो.

फाइल उतरवायचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे. कम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, त्या मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबा, Download message निवडा. त्याच यादीतल्या Show original मध्ये मोहर तपासल्याचा निकालही दिसतो, DKIM समोर PASS असा. जुन्या आउटलुकमध्ये Save As केलं की `.msg` फाइल मिळते. ती मायक्रोसॉफ्टची स्वतःची बांधणी आहे. वाचायला ती पुरते, पण मेल तिच्यात उलगडून नव्याने मांडलेला असल्यामुळे मोहर पुन्हा तपासणं बहुधा जमत नाही. निवड असेल तर `.eml` घ्या. मग तिचा हॅश काढून तारखेसह कागदावर उतरवून ठेवा. विंडोजमध्ये आज्ञा तयारच असते:

```
certutil -hashfile order.eml SHA256
```

64 चिन्हांचं उत्तर येईल. त्यानंतर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी Save दाबू नका. आणि मूळ मेल इनबॉक्समधून पुसू नका.

मोहर फुटलेली दिसली म्हणजे लबाडी झालीच असंही नाही. काही ऑफिसांचा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक मेलखाली "व्हायरस तपासला" अशी ओळ चिकटवतो, आणि तेवढ्याने `bh=` बिघडतो. काही छोट्या कंपन्यांच्या मेलवर मोहर नसतेच. शिवाय कंपन्या किल्ल्या अधूनमधून बदलतात. जुनी सार्वजनिक किल्ली जाहीर नोंदीतून काढून टाकली की जुन्या मेलची सही तपासायला काही उरत नाही. म्हणून वाद दिसू लागताच, किल्ली जागेवर आहे तोवर, तपासणी करून घ्यावी आणि `nslookup`चं उत्तरही फाइलशेजारी ठेवावं.

आणि मोहर असते डोमेनची, माणसाची नव्हे. मेल त्या कंपनीच्या सर्व्हरवरून, याच मजकुराने निघाला, इथपर्यंत ती ठामपणे सांगते. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात एकच पर्चेसचा पत्ता चौघेजण वापरत असतील, तर 112चा आकडा त्यांच्यापैकी कुणी टाइप केला आणि त्याला तो अधिकार होता का, हे त्या चौघांनाच विचारावं लागेल.